आमची वाटचाल: जास्त आलेले पैसे आणि एक निरोप

ठाण्यातल्या सोसायट्यांच्या पाण्याच्या पंपांची देखभाल हा आमचा व्यवसाय. दोन-चार सोसायट्या होत्या तोवर हिशेब तोंडी चालायचा. कामं वाढली, तसे पैसे बँकेतून येऊ लागले आणि कधीकधी जास्तही येऊ लागले.

एका सोसायटीची मोटर रिवाइंडिंगला नेली, तेव्हा त्यांनी 5,000 रुपये अ‍ॅडव्हान्स दिला होता. बिल जीएसटी धरून 23,600 चं झालं. द्यायचे होते 18,600, पण खजिनदारांनी बिलावरची एकूण रक्कम बघून पूर्ण 23,600 पाठवले. आमच्या ऑफिसातून निरोपाचा मसुदा आला: ‘आपल्या खात्यावर रु. 5,000 जमा दिसत असून सदर रक्कम पुढील बिलात वळती करण्यात येईल.’

मी तो थांबवला. पैसे त्यांचे, आणि ठरवलं आपणच! शिवाय कोणत्या बिलाचे, जास्त कसे आले, काहीच कळत नव्हतं. खजिनदारांना हे कमिटीपुढे मांडायचं असतं, ऑडिटरला दाखवायचं असतं. मग असं लिहिलं:

‘नमस्कार काका. मोटर रिवाइंडिंगचं बिल 23,600. आधीचा अ‍ॅडव्हान्स 5,000, म्हणून बाकी 18,600 होती. काल 23,600 जमा झाले, म्हणजे 5,000 जास्त आले. ते परत पाठवू, की पुढच्या तिमाहीच्या 7,080 च्या देखभाल बिलातून वजा करू? वजा केल्यास तेव्हा 2,080 द्यावे लागतील. शुक्रवारपर्यंत कळवा. निरोप नाही आला तर ज्या खात्यातून आले त्याच खात्यात परत पाठवतो. खाते क्रमांक किंवा ओटीपी आम्ही मागणार नाही. शंका असल्यास बिलावरच्या नंबरवर फोन करा.’

शेवटची वाक्यं मी मुद्दाम घातली. ‘रिफंड’ म्हणून लिंक पाठवून लुबाडणारे इतके आहेत, की खरा निरोपही संशयास्पद वाटतो. आमच्या बाजूनंही निरोप पाठवण्याआधी रक्कम बँक स्टेटमेंटमध्ये पाहतो. नुसत्या एसएमएसवर किंवा स्क्रीनशॉटवर विसंबत नाही.

उत्तर आलं नाही तर पैसे परत, हे मी ठाम ठरवलंय. गप्प राहणं म्हणजे संमती नव्हे. त्याला कराचीही बाजू आहे: सेवेच्या बिलावर 1,000 रुपयांपेक्षा जास्त आलेली रक्कम पुढच्या कामासाठी ठेवली, की ती अ‍ॅडव्हान्स धरली जाते. तिची पावती करायची आणि जीएसटी पुढच्या बिलाची वाट न बघता त्याच महिन्यात दाखवायचा. म्हणून ‘वजा करा’ हे उत्तर आम्ही लेखीच घेतो.

काकांनी त्याच संध्याकाळी कळवलं, ‘परत पाठवा, मार्चअखेर आहे, वही जुळवायचीय.’ दुसऱ्या दिवशी एनईएफटी केली, यूटीआर क्रमांक त्यांना पाठवला आणि त्यांच्या खतावणीचा उतारा मागवून आमच्याशी ताडून घेतला. दोन्हीकडे बाकी शून्य होती.