शेरभर दुधाचं मंगलाष्टक

आमच्या हॉस्टेलच्या माजी पोरांचा मेळावा दरवर्षी जानेवारीत कोल्हापुरात होतो. दीपप्रज्वलन होतं, नारळ फुटतो, अध्यक्ष १९०१ पासून सुरू करतात. शाहू महाराजांनी कोल्हापुरात बोर्डिंगं कशी उभी केली हे दरवर्षी सांगतात आणि बरोबरच सांगतात, पण तोवर मागच्या रांगेतल्यांचं लक्ष पांढऱ्या रश्श्याच्या वासाकडे गेलेलं असतं. यंदा एकोणीस जण आले. आमच्या मजल्यावरचेच चाळीस होतो. पुण्याच्या मंडळींना घाटात ट्रॅफिक लागतं म्हणे. गोव्याला जाताना त्याच रस्त्यावर ते लागत नाही. असो.

मी जातो ते जेवणानंतरच्या मंगलाष्टकासाठी. आमच्यातल्या पहिल्या लग्नात, २००९ च्या मे महिन्यात, मित्रांनी म्हटलेलं मंगलाष्टक तिथं दरवर्षी पुन्हा म्हटलं जातं. नवरदेव आमचा पैलवान. वजन अठ्ठेचाळीस किलो, म्हणून नाव पैलवान.

ते लिहिलं चौघांनी, लग्नाच्या आधीच्या दोन रात्री, रंकाळ्यावर बसून. आम्हाला वाटलं होतं, शेवटी 'कुर्यात् सदा मंगलम्' लावलं की झालं. मराठीत एम.ए. करणाऱ्या मास्तरनं पहिल्याच रात्री आमची हवा काढली. मंगलाष्टक बहुतेक वेळा शार्दूलविक्रीडितात असतं. ओळीत एकोणीस अक्षरं, बाराव्यावर श्वास, मग सात. 'कुर्यात् सदा मंगलम्' ही ती सात अक्षरं, म्हणजे शेवटच्या ओळीत आपल्याला जागा फक्त बारांचीच. आणि नुसती अक्षरं मोजून भागत नाही, लघु-गुरूही ठरलेले: 'गा गा गा ल ल गा ल गा ल ल ल गा' आणि पुढं 'गा गा ल गा गा ल गा'. मास्तर हे मांडीवर थाप मारून म्हणायचा आणि आम्ही भेळेच्या कागदावर उभ्या-आडव्या रेघा मारायचो.

माझी ओळ होती गंगावेशीतल्या दुधाची. म्हशी समोर बांधलेल्या असतात, गवळी तिथंच धार काढतो आणि फेसासकट पेला हातात येतो. सबमिशनच्या रात्री जागून पहाटे आम्ही तिथं जायचो. मी लिहिलं, 'गंगावेशित दूध ग्लास भरुनी'. बोटावर बारा भरली, मी खूष. मास्तर म्हणाला, बसत नाही. का? तर पुढं 'ग्ला' हे जोडाक्षर आहे, त्याचा भार मागच्या 'ध'वर पडतो आणि लघु हवा तिथं गुरू होतो. मी म्हटलं, कोण बघतंय? त्यानं गाणाऱ्याला तीच ओळ चालीत म्हणायला लावली. बिचारा बरोबर 'दूध'पाशी अडखळला. वृत्त चुकलं की कानाला आधी कळतं, मोजून नंतर. मग 'ग्लास' काढून 'शेर' घातला. 'दूध शेर भरुनी'. चपखल बसलं.

दुसरं कडवं मास्तरचं. तेच खरं मंगलाष्टक, ते मला अजून पाठ आहे:

हाती पुस्तक रात्र सर्व उघडे, पाने न ती हालती
माझा शर्ट तुझाच होउन फिरे, इस्त्री मला लागती
येता ही वहिनी घरात तुजला, लावील रे शिस्त ती
आता भांडिहि घासशील लवुनी, कुर्यात् सदा मंगलम्

शर्ट माझा होता. निळा, चौकड्यांचा. पैलवान तो घालून तोंडी परीक्षेला गेला आणि पास झाला. मी माझ्याच शर्टात नापास.

काय लिहायचं नाही, हे मेसच्या मावशींनी ठरवलं. कागद ऐकून त्यांनी तीन ओळी काढायला लावल्या. एक, जुन्या भानगडीची. दोन, थर्टी फर्स्टच्या रात्रीची. तीन, उधारीची. पहिल्या दोन आम्हाला कळल्या. उधारीची का, असं विचारलं तर म्हणाल्या, "अरं लेकरांनो, समोर पोरीचा बाप उभा असतोय. पोरगं वाचत नव्हतं हे चालंल. पैसं बुडवत होतं हे न्हाई चालायचं."

लग्नाच्या दिवशी गुरुजींनी आम्हाला दोनच कडवी दिली. मुहूर्त गाठायचा तर 'तदेव लग्नं'ला बरोबर वेळेवर यावं लागतं, त्यामुळं त्याआधीची मंगलाष्टकं घड्याळावरच चालतात. वधूकडच्या आत्यांनी मोठं, भावूक कडवं म्हटलं, लोक डोळे पुसत होते. मग आमच्या हातात माइक. अंतरपाटामागून पैलवानचे फक्त बूट आणि मुंडावळ्यांची टोकं दिसत होती. इस्त्रीच्या ओळीला मुंडावळ्या हलायला लागल्या. 'भांडिहि घासशील'ला वधूकडच्या बायकांनी एवढ्या अक्षता टाकल्या की गुरुजी म्हणाले, "थोड्या ठेवा, अजून लागणार आहेत."

घोळ झाला तो माझ्या शेरानं. जेवणाच्या पंगतीत वधूचे मामा, कसबा बावड्याचे, तालमीतले, पैलवानच्या दंडाला हात लावून बघायला लागले. रोज पहाटे शेरभर दूध म्हणजे जवळजवळ लिटर झालं, आणि पोरं नावही पैलवान घेत होती. "कुठली तालीम, जावईबापू?" पैलवान माझ्याकडं बघत होता आणि मी जिलेबीकडं. मामांना सगळं वृत्तासाठी केलंय, हे कसं समजावणार?

हे सगळं ज्यांच्यामुळं झालं त्यांची नावं मेळाव्यात घाईत राहून जातात, म्हणून इथं लिहितो. मेसच्या मावशी, ज्या आता नाहीत. रात्री अकरानंतर गेट उघडणारे वॉचमन मामा. कडवं स्वच्छ लिहून चाळीस झेरॉक्स फुकट देणारे दसरा चौकाजवळचे झेरॉक्सवाले. पेटी आणून देणारा गाणाऱ्याचा धाकटा भाऊ. अंतरपाट धरणारे दोघे, ज्यांचे हात हसून खाली आले तरी पाट सुटला नाही. रेक्टर सर, कारण रात्री दोनला मांडीवर थापा ऐकून ते वर आले आणि भांडण नाही, वृत्त चाललंय हे कळल्यावर स्वतःच एक ओळ सुचवून गेले. ती बसली नाही, पण त्यांना कधी सांगितलं नाही. अजून कोणी राहिलं असेल तर रागवू नका, फोन करा.

यंदा गाणाऱ्याचा घसा बसला होता, म्हणून पैलवाननंच म्हटलं. वजन आता ब्याऐंशी. दुधाचं कडवं त्यानं माझ्याकडं बघत म्हटलं. दुसऱ्या कडव्याच्या तीन ओळी झाल्या आणि चौथी सुरू होणार तेवढ्यात वहिनी उठल्या. गेली सोळा वर्षं त्या हे बसून ऐकत आल्यात, कधी बोलल्या नव्हत्या. पैलवानच्या हातातला माइक घेतला आणि त्याच चालीत म्हणाल्या:

"भांडी आजहि मीच घासत असे, कुर्यात् सदा मंगलम्!"

हशा ओसरायच्या आधीच माझ्या शेजारी मास्तरची बोटं मांडीवर चालू झाली होती. बारा झाली, मग सात. त्यानं मान वर केली. "बसलं," म्हणाला, "एकपण लघु चुकला नाही."