चार धावांची विसंगती

सामने संपल्यावर आलेले धावफलक नोंदवहीत चढवण्यापूर्वी त्यांतील आकडे परस्परांशी जुळतात का, हे पाहण्याचे काम काही काळ माझ्याकडे होते. त्यात एका वीस षटकांच्या डावाने मला सर्वांत जास्त शिकवले. धावसंख्या होती ७ बाद १६०.

फलंदाजांच्या धावांची बेरीज १४६ आली आणि अवांतर १४ होत्या: बाय २, लेगबाय ५, वाइड ६, नो-बॉल १. म्हणजे १६० बरोबर. बळीही जुळले, कारण गोलंदाजांच्या खात्यावर सहा होते आणि सातवा फलंदाज धावबाद होता, जो कोणाच्याच खात्यावर जात नाही.

षटकांपाशी मात्र मी चुकता चुकता वाचलो. गोलंदाजांची षटके ४, ४, ४, ३.४, २.२ आणि २ अशी होती. यंत्रावर बेरीज १९.६ आली आणि मी ती विसंगती म्हणून लिहूनही टाकली. मग लक्षात आले की टिंबापुढचा आकडा दशांश नसून चेंडू आहे. चेंडूंत मोजल्यावर २४, २४, २४, २२, १४ आणि १२ मिळून बरोबर १२० भरले. एका गोलंदाजाचे अर्धवट राहिलेले षटक दुसऱ्याने पूर्ण केले होते, इतकेच. तेव्हापासून मी षटकांची बेरीज चेंडूंतच करतो.

फलंदाजांनी खेळलेले चेंडूही १२० दाखवले होते, आणि ही विसंगती खरी होती. नो-बॉल फलंदाजाच्या चेंडूंत धरला जातो, वाइड धरला जात नाही. म्हणून तिथे १२१ हवे होते.

मोठा पेच गोलंदाजीत होता. बाय आणि लेगबाय गोलंदाजाच्या नावावर लागत नाहीत, त्यामुळे १६० मधून ७ वजा जाता १५३ यायला हव्या होत्या. पण ३१, २७, ३५, २९, १९ आणि १६ मिळून १५७ होत होत्या. चारचा फरक म्हणजे सीमापार गेलेला एखादा लेगबाय गोलंदाजाच्या माथी मारला असावा, असे मला वाटले. तरीही मी आकडा स्वतः बदलला नाही, कारण तो चौकार बॅटचाच असता, तर फलंदाजांच्या १५०, अवांतर १० आणि लेगबाय १ धरूनही एकूण १६०च भरल्या असत्या. दोन्ही हिशेब निर्दोष दिसतात. त्यांतला खरा कोणता, हे धावफलक स्वतः सांगू शकत नाही.

म्हणून मी फलक परत पाठवताना दोन्ही विसंगती स्वतंत्र लिहिल्या: कोणता रकाना, छापलेला आकडा, अपेक्षित आकडा, फरक, आणि धावांच्या बाबतीत दोन्ही शक्यता. गुणलेखकांनी चेंडूवार नोंद पाहून कळवले की चेंडू पॅडला लागूनच सीमापार गेला होता. ३५ च्या जागी ३१ झाले, आणि नो-बॉल खेळणाऱ्या फलंदाजाचा एक चेंडू वाढला.