सगळं हिरवं होतं, म्हणूनच फसले

काल रात्रीचं लिहून काढल्याशिवाय झोप लागणार नाही. इकडे पाण्याच्या टाक्यांच्या कंट्रोल रूममध्ये नाइट शिफ्ट करते हे तुम्हाला माहितीये. सहा टाक्या, एक मोठा स्क्रीन, आणि सकाळपर्यंत मी एकटी. काल तर इतकं शांत होतं की एकही अलार्म नाही, सगळ्या चौकटी हिरव्या, आणि मला वाटलं चला, आज निवांत.

2:31 ला सहज तीन नंबरच्या टाकीकडे लक्ष गेलं. पातळी 3.42 मीटर. मगाशीही 3.42 च होती असं वाटलं, म्हणून बघत बसले. दोन मिनिटं झाली तरी 3.42 च. आता पाणी भरताना पृष्ठभाग हलतो, सेन्सरचा शेवटचा आकडा सारखा मागेपुढे होत असतो, तो असा गोठून बसत नाही. शेजारच्या चौकटीत पंप चालू दाखवत होता, रात्री पाण्याचा वापर नगण्य, म्हणजे पातळी तासाला साधारण एक मीटर चढायला हवी. पंप चालू आणि पातळी जागेवर, दोन्ही एकदम खरं कसं असेल? बाकीच्या पाच टाक्या बघितल्या, त्यांचेही आकडे हलत नव्हते.

खरा घोळ कोपऱ्यातल्या Updated मध्ये होता. ती वेळ दर 30 सेकंदांनी पुढे सरकत होती, म्हणून मला सगळं जिवंत वाटत होतं. पण ती वेळ पान रिफ्रेश झाल्याची, रीडिंगची नाही! आत जाऊन शेवटच्या रीडिंगची वेळ काढली तर 1:47. म्हणजे 46 मिनिटं मी एकच जुना आकडा बघत होते. अलार्म का वाजला नाही, तर तो 4.50 च्या वर गेलं की वाजतो, आणि 3.42 काही 4.50 च्या वर जात नाही.

आधी टाकीवरच्या माणसाला फोन केला. ही सवय तिकडच्या जुन्या नोकरीतली. आमचे जुने साहेब दर तासाला साइटवर फोन करून रजिस्टरमध्ये आकडा लिहायला लावायचे आणि आम्ही वैतागायचो, काल त्यांची फार आठवण आली. टाकीवरच्या माणसाने गेज बघून सांगितलं, 4.30. अजून दहा-बारा मिनिटांत 4.50 झालं असतं आणि मला कळलंही नसतं. पंप जागेवरूनच बंद करायला सांगितला, बाकीच्या पाच टाक्यांचे आकडेही विचारून घेतले, आणि मग ऑन-कॉल इंजिनिअरला उठवलं.

कारण ऐका. डेटा गोळा करणारा आमचा प्रोग्राम टाक्यांची रीडिंग्ज पाठवणाऱ्या गेटवेला कनेक्शन लावतो आणि मग फक्त ऐकत बसतो, स्वतः काही पाठवत नाही. 1:47 ला मधला फायरवॉल रीस्टार्ट झाला आणि त्या कनेक्शनची नोंद विसरला. गेटवेने पाठवून बघितलं, जमलं नाही, त्याने आपली बाजू बंद केली, पण तो निरोपसुद्धा फायरवॉलमध्येच अडकला. आमच्याकडे कनेक्शन अजून ESTABLISHED, म्हणजे जोडलेलंच दिसत होतं! समोरचा जिवंत आहे का हे विचारणारं कीपअलाइव्ह प्रोग्रामने स्वतः मागावं लागतं, आणि मागितलं तरी लिनक्समध्ये पहिली विचारणा 7200 सेकंदांनी होते, म्हणजे दोन तासांनी. प्रोग्राम रीस्टार्ट केल्यावर गेटवेत साठलेली रीडिंग्ज धडाधड आली आणि आलेखातली सरळ रेष चढती झाली.

सकाळच्या मीटिंगला मी उत्तरं पाठ करून गेले होते, की अलार्म नव्हता, कोणीही असतं तरी हेच झालं असतं (आणि ते खरंच आहे). कोणी विचारलंच नाही. सीनिअर एवढंच म्हणाली, "तुला कशावरून कळलं ते नीट सांग, तेच नियमात घालू." मला भरून आलं. तिकडे आधी नाव शोधलं असतं. पण तिकडे तासाचा फोनही झाला असता, हेही म्हणतेच मी.

नवा नियम प्रोमिथियस या देखरेखीच्या सॉफ्टवेअरमध्ये घातला:

```
time() - tank_reading_timestamp_seconds > 300
  or absent(tank_reading_timestamp_seconds)
```

रीडिंग दर 30 सेकंदांनी येतं, म्हणजे सलग दहा चुकली की वाजेल. दुसरी ओळ मी आग्रहाने घालून घेतली, कारण रीडिंगच्या वेळांची मालिकाच गायब झाली तर पहिल्या ओळीला तुलना करायला काही उरत नाही आणि ती गप्प बसते, पुन्हा तीच शांतता. आणि absent पण सगळ्या टाक्या गेल्या तरच बोलतं, एकच गेली तर नाही, म्हणून प्रत्येक टाकीसाठी वेगळी ओळ लिहायचं काम आज माझ्याकडे आलंय.

स्क्रीनवर आता रीडिंगचं वय सेकंदांत दिसतं. निघताना ते 14 वरून 41 झालं, मी फोन उचललाच होता, तेवढ्यात 3 वर आलं.