मेल आला होता, घंटी वाजली नव्हती

"मेल आलाच नाही" असं सांगत माझ्या सेवा केंद्रात येणाऱ्या बहुतेकांचा मेल आलेला असतो. आलेला नसतो तो फोनचा आवाज. लोकांच्या लेखी मेल म्हणजे ती घंटी. जीमेलच्या वरच्या पट्टीत शोधायची जागा असते, तिथे कोणी बोट लावत नाही. अंगठ्याने दोनदा वरखाली करायचं आणि "नाही आला जी" म्हणायचं.

दिग्रसच्या रस्त्यावर आमचं गाव. केंद्रात उत्पन्नाचे दाखले, सातबारा, पीकविमा, शिष्यवृत्तीचे फॉर्म चालतात. बाहेरच्या माणसाला वाटतं आम्ही फॉर्म भरतो. खरा वेळ जातो तो हा फॉर्म कुणाच्या मोबाईलवर आणि कुणाच्या मेलवर भरलाय ते शोधण्यात. पोरीचा फॉर्म, नंबर भावाचा, मेल मामाचा. काही केंद्रचालक तर सरसकट स्वतःचाच मेल टाकतात आणि वर्षभर लोकांच्या शिव्या खातात. ते बरोबरच होतं त्यांच्यासोबत.

शीतल आली ती सोयाबीन काढणीच्या दिवसांत, मामांना सोबत घेऊन. एका खासगी कंपनीत कार्यालयीन कामासाठी अर्ज केला होता, उत्तर नाही म्हणून पुन्हा अर्ज भरायचा होता. "दादा, रिझ्युमेची प्रिंट काढून द्या, अन् या वेळी तुमचा मेल टाकून द्या." मामांचा जीव मळणी यंत्राकडे लागलेला. "भाऊ, लवकर करा, तिकडं मजूर थांबून रायले." आधीच्या अर्जावर मेल मामांचा होता, प्रशिक्षण वर्गातल्या कुणीतरी घाईत टाकलेला.

मी अर्ज बाजूला ठेवला आणि मामांचं खातं संगणकावर खासगी विंडोत उघडलं. पासवर्ड अर्थातच आठवत नव्हता, पण फोन हातात होता, त्यावर "होय" दाबून काम झालं. शोधपट्टीत कंपनीचा पत्ता टाकला. इथे खरं नाव न देता `example.com` लिहितो.

```
from:example.com in:anywhere
```

`in:anywhere` मुद्दाम. साधा शोध स्पॅम आणि कचरापेटीत पाहत नाही आणि या दोन्ही ठिकाणचा मेल 30 दिवसांनी पुसला जातो, म्हणून मी सुरुवातच तिथून करतो.

कंपनीचे तीन मेल निघाले. तिन्ही वेगवेगळ्या टॅबमध्ये, म्हणजे जीमेल मेलची वर्गवारी करून ज्या कप्प्यांत ठेवतं त्यांत. अर्ज मिळाल्याची पोच `noreply` पत्त्यावरून आलेली, ती अपडेट्समध्ये. मुलाखतीचं बोलावणं प्रमोशन्समध्ये, बियाणं आणि चपलांच्या सवलतींच्या मधोमध. आणि तिसरा, "तुमचं उत्तर मिळालं नाही, आज संध्याकाळी पाचपर्यंत कळवा", हा चक्क प्रायमरीत, न उघडलेला. तेव्हा दुपार उलटून गेली होती. शीतलचा चेहरा मी सांगत बसत नाही.

आधी उत्तर पाठवलं. शीतलने स्वतः टाईप केलं, मी फक्त एक "सर" कमी करायला लावला. मग मामांना चहा सांगितला, कारण मला हे प्रकरण समजून घ्यायचं होतं. एकाच कंपनीचे तीन मेल तीन ठिकाणी जातात कसे?

लोकांचा समज असा की जीमेलने एखादी कंपनी एका कप्प्यात टाकली की ती तिथेच. तसं नाही. मे 2013 मध्ये हे टॅब आले, तेव्हापासून प्रत्येक मेल स्वतंत्र तपासला जातो. पाठवणारा कोण, मजकूर कोणत्या प्रकारचा, आणि तशा मजकुराशी लोक कसे वागले, या गोष्टींवरून टॅब ठरतो, असं गुगल स्वतः सांगतं. नेमकं कोणत्या कारणाने हाच मेल या टॅबमध्ये गेला, ते मात्र पडद्यावर कुठेच दिसत नाही. मेल उघडून अंदाज बांधावा लागतो. मुलाखतीच्या मेलमध्ये पाठवणाऱ्याच्या नावाखालचा छोटा बाण दाबला, तर `mailed-by` समोर कंपनीचा नव्हे, एका घाऊक मेल पाठवणाऱ्या सेवेचा पत्ता होता. वर रंगीत पट्टी, मधे मोठं बटण, खाली "यादीतून नाव काढा" अशी लिंक. मुलाखतीचं पत्र म्हणून पाहिलं तर दिवाळी सेलपासून वेगळं काढता आलं नसतं. त्या कंपनीतल्या मंडळींना हे कुणी सांगत नसेल का? पोरांचं आयुष्य ज्या कागदावर ठरतं तो कागद हे लोक जाहिरातीच्या पाकिटात घालून पाठवतात.

तिसरा मेल मात्र माणसाने स्वतःच्या पत्त्यावरून, साध्या दोन ओळींत लिहिला होता. म्हणून तो प्रायमरीत आला, हे पटतं. मग फोन का वाजला नाही?

हाच प्रश्न मला अजून सोडत नाही.

मामांच्या फोनवर जीमेलच्या सेटिंगमध्ये खात्याच्या नावावर गेलो. सूचनांसाठी तिथे तीन पर्याय असतात: `All`, `High priority only`, `None`. मामांचा मधला होता. आवाजाला कंटाळून भाच्याने करून दिला होता म्हणे. म्हणजे मेल प्रायमरीत असून भागत नव्हतं, तो "महत्त्वाचा" ठरायला हवा होता. आणि महत्त्व ठरवणारी यंत्रणा टॅबपेक्षा वेगळी आहे, जुनीही आहे. ती आली प्रायॉरिटी इनबॉक्ससोबत, म्हणजे महत्त्वाचे मेल वर काढून दाखवणाऱ्या सोयीसोबत, ऑगस्ट 2010 मध्ये. त्याविषयी गुगलच्या अभियंत्यांनी शोधनिबंध लिहिला होता, त्यातलं तत्त्व सोपं आहे: हा मेल आल्यावर ठराविक वेळात हा माणूस त्यावर काही करेल का, याची शक्यता मोजायची. सगळ्यांच्या वागण्यावरून एक सामाईक हिशेब, त्यावर त्या एका खात्याचा खास हिशेब, आणि रेषा कुठे ओढायची तीही खात्यागणिक वेगळी.

टॅब विचारतो, मेल कोणत्या जातीचा. महत्त्व ठरवणारी यंत्रणा विचारते, या खात्याचा मालक याला हात लावेल का. आणि मामा कशालाच हात लावत नाहीत. त्यांनी कुणाला उत्तर दिलेलं नाही, कशावर चांदणी लावलेली नाही. आठवड्यातून एकदा सगळं निवडतात आणि पुसतात. खात्याने शीतलला कधी पाहिलेलंच नाही, त्याने मामांना पाहिलंय. अनोळखी माणसाचा पहिला मेल, मागचा काही व्यवहार नाही, आणि मालकाची ही सवय. महत्त्वाचा ठरावा कशावरून?

संगणकावर त्या मेलच्या नावाआधीची, महत्त्व दाखवणारी बाणासारखी खूण पांढरी होती. ही खूण दिसत नसेल तर सेटिंगच्या `Inbox` भागात चालू करता येते. तिच्यावर नुसता माऊस नेला की पिवळी असल्यास कारण लिहून येतं, उदाहरणार्थ या संभाषणातल्या लोकांमुळे, किंवा तुम्ही त्याच्याशी केलेल्या व्यवहारामुळे. पांढरी असेल तर क्लिक करून शिकवा असं येतं. आम्ही क्लिक केलं, पिवळी झाली. मग मुलाखतीचा मेल माऊसने ओढून प्रायमरीच्या टॅबवर सोडला. त्याबरोबर खाली डाव्या कोपऱ्यात एक पट्टी येते: या पत्त्यावरून येणारे पुढचे मेलही असेच हलवायचे का? ती काही क्षणांत जाते. तिच्यावरचं `Yes` दाबलं नाही तर तो नियम ठरत नाही, हलवला तेवढा एकच मेल हलतो. लोक ओढतात, पट्टी पाहत नाहीत, आणि पुन्हा येऊन म्हणतात की हे काही ऐकत नाही.

पण तो `Yes` एका पत्त्यापुरताच. पुढचा मेल तिसऱ्याच पत्त्यावरून आला तर? म्हणून अशा कामात मी फिल्टर लावतो. शिकवणं म्हणजे अंदाजाला दिलेला धक्का, फिल्टर म्हणजे हुकूम. फोनच्या ॲपमध्ये तो बनवता येत नाही, संगणकावरच बनवावा लागतो, म्हणून गावात हे कुणाला माहीत नसतं. शोधपट्टीच्या उजव्या टोकाची सरकपट्टीसारखी खूण दाबायची, `From` मध्ये नुसतं `example.com` लिहायचं, `Create filter` दाबायचं. पुढे तीन चौकटींवर टिक: `Never send it to Spam`, `Always mark it as important`, आणि `Categorize as` मध्ये `Primary`. पहिली स्पॅमपासून वाचवते, तिसरी टॅब ठरवते, आणि मामांच्या खिशातला फोन वाजवते ती मधली. बहुतेक जण तिसरीवरच थांबतात. जुन्या मेललाही नियम लागू हवा असेल तर आधीच्या संभाषणांवरही लावा, ही शेवटची टिक. नाही तर फिल्टर फक्त पुढे येणाऱ्या मेलवर चालतो.

फिल्टरची मर्यादा तिथेच मामांना सांगितली: मेल `From` मध्येच दुसऱ्या कुठल्या पत्त्याने आला तर हा नियम आंधळा आहे. म्हणून शीतलला रोज एकदा तो वरचा शोध मारायला सांगितला, `from:` ऐवजी कंपनीचं नुसतं नाव टाकून.

"त्यापेक्षा हे टॅबच बंद करून टाका ना भाऊ," मामा म्हणाले. होतं तसं. `Default` प्रकारच्या इनबॉक्समध्ये प्रमोशन्सची टिक काढली की ते सगळे मेल प्रायमरीत पडतात. शीतलच्या स्वतःच्या कोऱ्या खात्यावर मी तेच केलं असतं. मामांच्या खात्यावर सवलतींचा ढीग प्रायमरीत आला असता, आठवडी सफाईत सगळं एकदम पुसलं गेलं असतं, आणि फोन तरीही वाजला नसता.

पाचच्या आत कंपनीतल्या बाईंचं उत्तर आलं: नवी तारीख देतो. तोवर लाईट गेली होती, मामांच्या फोनवरच पाहिलं. फोन वाजला होता. आता हे फिल्टरमुळे, खूण पिवळी केल्यामुळे, की शीतलने उत्तर दिल्यामुळे, हे सांगता येत नाही, तिन्ही एकाच तासात झालं. फिल्टर लावला नसता तर नुसत्या उत्तराने काम झालं असतं का, हे मला पाहायचं होतं. पण पोरीच्या नोकरीवर प्रयोग करायचा नसतो.

अर्जातला मेल बदलून शीतलचा टाकावा म्हणून कंपनीच्या संकेतस्थळावर गेलो. एकदा अर्ज सादर केल्यावर मेल बदलता येत नाही, असं तिथे लाल अक्षरांत लिहिलंय. म्हणजे निकाल लागेपर्यंत मामांचाच फोन. आता त्यांना त्या कंपनीच्या जाहिरातीही खणखणून येतात आणि ते मला मळणीच्या आवाजातून फोन करतात, "भाऊ, वाजला पहा, शीतलचा आहे का?"