आत्याच्या अरेका पामला केवढी कुंडी?

नाशिकच्या आत्याने जानेवारीत दिवाणखान्यातल्या अरेका पामचा फोटो पाठवला. खाली लिहिलं होतं, "झावळ्या पिवळ्या पडतायत, टोकं करपलीत, कुंडीच्या भोकांतून मुळं बाहेर आलीत. चौदा इंची कुंडी आणून ठेवलीय. लावू का?"

फोटोत चारेक फूट उंचीचं झाड होतं आणि बाहेरून चिनी मातीची शोभेची कुंडी. झाडाची खरी कुंडी म्हणजे आतली आठ इंची प्लास्टिकची, आणि ती दिसतच नव्हती. झाड केवढं आणि कुंडी केवढी यावरून निकाल द्यायचा मोह होतो, पण अरेका मुळात उंच, सडपातळ वाढतो आणि थोड्या जखडलेल्या कुंडीत सुखाने राहतो. देठांचा पिवळेपणा तर त्याचा नैसर्गिक रंगच. खालची एखादी जुनी झावळी पिवळी पडून वाळणं हेही रीतसर आहे. करपलेली टोकं बहुधा पाण्यातले क्षार, कोरडी हवा किंवा पाण्याची ओढ यांमुळे होतात, त्यामुळे तो कुंडी लहान पडल्याचा पुरावा होत नाही. राहिली भोकातली मुळं. चार-दोन मुळं ओलाव्याच्या शोधात निरोगी झाडाचीही बाहेर येतात. म्हणजे या फोटोवरून एवढंच म्हणता येत होतं की आत डोकावून बघायला हवं.

आत्याला विचारलं, पाणी घातलं की काय होतं? म्हणाली, "घातलं की लगेच ताटलीत येतं." या एका लक्षणाचे दोन अर्थ होतात आणि उपाय अगदी वेगळे आहेत. माती फार सुकली की आकसते, कुंडीच्या भिंतीपासून सुटते आणि पाणी त्या फटीतून सरळ खाली जातं. तिथे कुंडी बदलायची गरजच नसते. दुसरा अर्थ असा की आतली माती मुळांनी बाहेर लोटली आहे, पाणी धरायला फारसं काही उरलेलंच नाही. हे ओळखायला मी तिला आतली कुंडी काठाच्या जरा खालपर्यंत पाणी येईल अशी बादलीत ठेवायला सांगितली. अर्धा तास ठेव, नंतर निथळू दे आणि उचलून वजनाचा अंदाज घे. नुसती सुकलेली माती एकदा नीट भिजली की थंडीच्या दिवसांत आठवडाभर तरी ओल धरते. आत्याची कुंडी तिसऱ्याच दिवशी हलकी झाली होती, तीही नाशिकच्या थंडीत, घरात. इथे माझा कल दुसऱ्या अर्थाकडे झुकला.

मग प्रत्यक्ष मुळं बघायची. आदल्या दिवशी पाणी घालून ठेवायला सांगितलं, कारण ओला गोळा अखंड सुटतो. कुंडी आडवी करायची, चारही बाजूंनी तळव्याने दाबायची आणि देठांना न ओढता कुंडीच मागे सरकवायची. आतेभावाने झाड धरलं, आत्याने कुंडी काढली. बाजूने एक आणि तळाचा एक, असे दोन फोटो मागितले होते. पहिल्या फोटोपेक्षा हे दोनच खरे कामाचे.

गोळा कुंडीच्याच आकारात ताठ उभा होता, मातीचा कणही सांडलेला नव्हता. वरच्या तिसऱ्या भागात माती दिसत होती, त्याखाली मुळांचं दाट जाळं आणि तळाशी गोल फिरलेलं जाड कडं. रंग फिकट पिवळसर, टोकं पांढरी. वासही नेहमीच्या ओल्या मातीचा. मुळं काळपट, मऊ असती आणि दाबल्यावर साल हातात आली असती, तर ते कुजणं ठरलं असतं. तेव्हा कुंडी मोठी करणं म्हणजे झाड मारणंच. उलट अर्ध्याहून जास्त भागात माती दिसली असती किंवा गोळा काढतानाच सुटून आला असता, तर मी झाड होतं तिथेच परत ठेवायला लावलं असतं. इथे मात्र कुंडी बदलायचीच होती, फक्त घाई नव्हती. मुळं निरोगी होती आणि थंडीत अरेकाची नवी मुळं हळू फुटतात. फेब्रुवारीअखेर ऊब येईपर्यंत बादलीत भिजवण्यावर भागवायचं ठरलं.

खरी चर्चा झाली मापावर. मी दहा इंची सांगितली. आत्याचं म्हणणं, "चौदा इंची आणलीच आहे, पुन्हा पुन्हा कोण करत बसणार?" कुंडी इंचांत थोडीच वाढलेली दिसते, पण आतली जागा घनात वाढते. त्याच घडणीच्या आठ इंचीच्या मानाने दहा इंचीत साधारण दुप्पट माती मावते आणि चौदा इंचीत पाचपटीहून जास्त. म्हणजे चौदा इंचीत पाचांतले चार भाग माती अशी, की जिच्यात एकही मूळ नाही. तिथलं पाणी ओढून घेणारं कोणी नसतं. घरातल्या कमी उजेडात ती माती दिवसेंदिवस ओली राहते, हवा आत शिरत नाही आणि कडेने वाढणारी कोवळी मुळं तिथेच कुजतात. दहा इंचीत गोळ्याभोवती सगळीकडून एकेक इंच नवी माती येते, आणि तेवढी मुळं लवकर व्यापतात. तिला एकच बजावलं, की दुकानात सांगतात ते माप बाहेरच्या काठाचं असू शकतं. जाड भिंतीच्या कुंडीत आतली जागा बरीच कमी भरते, म्हणून पट्टी आतून लाव.

लावताना गोळा फोडायचा नाही. पामच्या तुटलेल्या मुळाला पुन्हा फुटवा येईलच याची खात्री नसते, म्हणून कात्री बाजूला ठेवून तळाचं कडं फक्त बोटांनी सैल करायला सांगितलं. मिश्रण दोन भाग बागेची माती, एक भाग कोकोपीट, एक भाग गांडूळखत आणि थोडी जाड वाळू. नुसतं कोकोपीट भरलं, तर नर्सरीच्या लाल मातीचा गोळा मधोमध कोरडा राहतो आणि भोवती चिखल होतो. तळाशी खडे घालू नकोस, हेही सांगितलं. खड्यांनी निचरा वाढत नाही, ओल धरणारा थर मात्र मुळांच्या आणखी जवळ येतो. झाड आधीच्याच पातळीवर, काठ इंचभर रिकामा आणि कडेची माती काडीने हलकेच बसवलेली. चौदा इंची कुंडीही वाया गेली नाही. तळाशी वीट ठेवून त्यात दहा इंची बसवली.

एप्रिलमध्ये मधून नवा, भाल्यासारखा मिटलेला कोंब वर आला आणि पिवळं पडणं थांबलं. टोकं मात्र करपतच राहिली. खोदून विचारल्यावर कळलं, की आत्या झाडाला पाणी शुद्ध करायच्या यंत्राच्या सांडपाण्याच्या नळीतलं पाणी घालते. त्या पाण्यात क्षार नळाच्या पाण्यापेक्षा जास्त असतात. आता ते पाणी फरशी पुसायला जातं. अरेकाला साधं नळाचं पाणी मिळतं, आणि दोन-तीन महिन्यांतून एकदा कुंडी न्हाणीत नेऊन साठलेले क्षार धुऊन जातील इतकं भरपूर पाणी त्यातून सोडलं जातं.