कोपरांसाठी साधं युरियाचं क्रीम हवं होतं, एवढंच

चिठ्ठीवर डॉक्टरबाईंनी स्वच्छ अक्षरात लिहिलं होतं: युरिया १२ टक्के, लॅक्टिक अ‍ॅसिड ६ टक्के, कोणत्याही कंपनीचं चालेल. कोपरं आणि गुडघे काळे पडून खरखरीत झालेत, त्यावर लावायचं. मेडिकलवाल्याने चिठ्ठी हातात घेतली, पण बघितलं माझ्या कोपराकडे. "डाग घालवायचेत ना ताई? मग हे न्या, आठ दिवसांत फरक." आणि काउंटरवर एक छोटी ट्यूब ठेवली.

मी ट्यूब उलटून वाचली. हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन, मोमेटासोन. तिन्ही एकत्र असलेलं हे औषध चेहऱ्यावरच्या वांगासाठी डॉक्टर थोडे आठवडे देतात, तेही लक्ष ठेवून. त्यातलं मोमेटासोन म्हणजे स्टिरॉइड. आठ दिवसांत फरक दिसतो तो प्रामुख्याने त्याचाच, आणि थांबवलं की बऱ्याचदा रंग परत येतो. मनानेच महिनोन्‌महिने चोळत राहिलं तर कातडी पातळ होते, ताणल्यासारखे पट्टे उठतात, आणि तिथे गजकर्ण असलंच तर ते आतल्या आत पसरतं. ट्यूबवर लाल पट्टी होती आणि चिठ्ठीशिवाय विकू नये असं छापलेलंही होतं. चिठ्ठी तर मी दिलीच होती, फक्त ती दुसऱ्याच औषधाची होती! हे मी म्हणाले तर उत्तर आलं, "सगळे हेच नेतात."

पुढच्या दुकानातही तेच, फक्त कंपनी वेगळी. म्हणून हे आधीच सांगते: रंग उजळण्यासाठी म्हणून कोणी ट्यूब पुढे केली तर घटकांमध्ये मोमेटासोन, बीटामेथासोन, क्लोबेटासोल, फ्लुओसिनोलोन यांपैकी काही दिसतंय का ते आधी बघा. दिसलं तर ट्यूब परत ठेवा. अक्षरं बारीक असतात, मोबाइलने फोटो काढून मोठी करून वाचा. दुकानदार कंटाळतो, कंटाळू दे.

तिसरं दुकान मोठं, काचेचं, एसीवालं. तिथल्या मुलीने बॉडी लोशनच्या चार बाटल्या मांडल्या. सगळ्यांवर उजळपणाची भाषा, एकीवर ठळक अक्षरात लॅक्टिक अ‍ॅसिडसुद्धा लिहिलेलं. किती टक्के, ते मात्र कुठेच नाही. अशा वेळी मागची घटकांची यादी बघायची. ती साधारणपणे जास्त ते कमी अशा क्रमाने असते. पाणी पहिलं, मग तेलं, ग्लिसरीन वगैरे, आणि शेवटी सुगंध आणि टिकवणारी द्रव्यं. लॅक्टिक अ‍ॅसिड सुगंधाच्याही नंतर आलं असेल तर ते बहुधा एक टक्क्याच्या आतच असणार. कोपराच्या जाड कातडीला त्याने काय होणार? हातापायांना वास छान येईल, एवढंच. चार बाटल्यांपैकी एकीत ते बऱ्यापैकी वर होतं, पण किंमत बघून मी बाटली खाली ठेवली. त्या मुलीला युरियाचं विचारलं तर ती हसली. "मॅडम, युरिया शेतीसेवा केंद्रात."

राग आला, पण तिचा तरी काय दोष. खताच्या गोणीवर जो शब्द असतो तोच औषधाच्या ट्यूबवर असेल हे कोणाच्या डोक्यात येणार. युरिया आपल्या कातडीत मुळातच थोडा असतो आणि तो पाणी धरून ठेवतो. साधारण दहा टक्क्यांपर्यंत त्याचं मुख्य काम ओलावा धरण्याचं, वीसच्या पुढे तो मृत थर मऊ करून सोडवायला लागतो, आणि चाळीस टक्केवालं जाड नखं, घट्टे यांच्यासाठी. माझ्या चिठ्ठीवरचं मिश्रण मधलं होतं. थोडा युरिया, थोडं लॅक्टिक अ‍ॅसिड, दोघं मिळून ओलावाही देतात आणि थरही सोडवतात.

शेवटी घराजवळच्याच, रोज ज्याच्यासमोरून जाते त्या लहान मेडिकलमध्ये गेले. काका चष्मा लावून चिठ्ठी वाचत राहिले आणि म्हणाले, "अहो, हे टाचांच्या भेगांचं!" आणि खालच्या खणातून ट्यूब काढली. युरिया १२, लॅक्टिक अ‍ॅसिड ६. म्हणजे इतके दिवस मी ज्या दुकानांत वणवण फिरले, तिथेही ते असणारच, फक्त टाचांच्या खणात. डाग म्हटलं की स्टिरॉइडचा खण उघडतो आणि भेगा म्हटलं की योग्य खण. माझ्यापुरतं सगळ्यात उपयोगी वाक्य हेच ठरलं: काउंटरवर काळेपणाचा उल्लेखच करायचा नाही, टाचांच्या भेगांचं युरियावालं क्रीम मागायचं आणि टक्के वाचून घ्यायचे.

आता डॉक्टरबाईंकडे जायची वेळ का आली, ते. माझा क्लास घरीच चालतो. दिवसभर टेबलावर कोपरं टेकवून वह्या तपासायच्या आणि सकाळी गुडघे टेकून फरशी पुसायची, कारण मॉपने कोपरे निघत नाहीत असं आमच्या आईंचं म्हणणं. (आई म्हणजे सासूबाई. म्हणणं बरोबर आहे, त्याबद्दल वाद नाही.) कोपर-गुडघ्यावर तेलग्रंथी फार कमी, त्यामुळे तिथली कातडी कोरडीच असते. त्यावर रोजचं घासणं आलं की शरीर संरक्षणासाठी थर जाड करतं आणि रंगद्रव्यही जास्त तयार करतं. म्हणजे तो मळ नसतोच. आणि मळ नाही हे एकदा पटलं की घासून काढायची इच्छा आपोआप कमी होते.

घरात घासण्याची साधनं मात्र सगळी होती: वज्री, घोसाळ्याचा काथ्या, साखर-मध, दिवाळीचं उरलेलं उटणं. त्यांची तुलना करायची तर साखर त्यातल्या त्यात सौम्य, कारण ती ओल्या हातात विरघळत जाते. काथ्या बरा, पण जोर कोणाचा यावर सगळं. वज्री टाचेसाठीच. तिचा फसवेपणा असा की गरम पाण्याच्या आंघोळीनंतर वज्री फिरवली की कोपर त्या क्षणी अगदी गुळगुळीत लागतं. वरचा थर गेलेला असतो ना. पण खरचटून जी सूक्ष्म सूज येते, ती आपल्यासारख्या गव्हाळ-सावळ्या कातडीत नवा काळेपणा सोडून जाते, आणि तो दोन-तीन आठवड्यांनी दिसतो. तोवर माणूस वज्रीला श्रेय देऊन मोकळा झालेला असतो. घासल्यावर कोपर तासाभरानेही लालसर किंवा चुरचुरतं असेल तर जोर जास्त झाला समजायचं.

आणि लिंबू. लिंबाबद्दल मी कोणाशीही भांडायला तयार आहे. माझ्या मावसबहिणीने मे महिन्यात, लग्नाआधी, अर्ध्या लिंबावर साखर घेऊन कोपरं चोळली आणि तशीच गच्चीवर पापड वाळत घालायला गेली. त्या दिवशी काहीच झालं नाही. पुढच्या दोन दिवसांत कोपराखाली लाल पट्टे उठले, मग बारीक फोड, आणि फोड बसल्यावर तपकिरी ओघळ. अक्षरशः ओघळ, रस जसा हातावरून वाहत गेला त्याच वाटेने. ते जायला कितीतरी महिने लागले. लिंबाच्या सालीत, आणि थोड्या प्रमाणात रसातही, असं एक द्रव्य असतं जे उन्हातल्या अतिनील किरणांनी जागं होतं आणि कातडी भाजतं. त्यातही आपलं कागदी लिंबू या बाबतीत मोठ्या पिवळ्या परदेशी लिंबापेक्षा तिखट. परदेशी नुस्खे त्या पिवळ्या लिंबाचे असतात, आपण आपलं वापरतो. आणि अर्ध लिंबू सालीसकट पिळून चोळणं म्हणजे नेमका सालीतलाच तो भाग कातडीला लावणं.

रात्री लावून धुतलं तर? असं आईंनी विचारलं. भाजण्याचा धोका कमी होईल, पण मग फायदा कसला ते सांगा. लिंबाचा रस फार आंबट, त्यातल्या अ‍ॅसिडचं प्रमाण प्रत्येक लिंबात वेगळं, आणि खरचटलेल्या कातडीवर तो नुसता झोंबतो. क्रीममध्येही अ‍ॅसिडच असतं हे खरं, पण त्याचं प्रमाण आणि आंबटपणा मोजून बसवलेला असतो, आणि सोबत ओलावा धरणारं काहीतरी असतं. लिंबात सोडा मिसळणाऱ्यांना काय बोलावं? दोन्ही एकमेकांना मारतात आणि उरतो तो खरखरीत चुरा.

क्रीम लावणं सोपं निघालं, त्यात सांगण्यासारखं थोडंच. आंघोळीनंतर कातडी किंचित ओली असताना, प्रत्येक कोपराला वाटाण्याएवढं, चोळून न जिरवता हलक्या हाताने पसरून. पहिल्या आठवड्यात एक दिवसाआड, मग रोज रात्री. सुरुवातीला मिनिटभर चुणचुणतं, ते चालतं. पण आग होऊन लाल झालं तर थांबायचं, पूर्ण शांत होऊ द्यायचं, मधल्या दिवसांत नुसतं व्हॅसलिन. गुडघ्यावरचे केस काढले असतील त्या दिवशी लावायचं नाही, मी एकदा उड्या मारल्यात. आधी खरखर जाते, दोनेक आठवड्यांत हाताला कळते. रंग मात्र रेंगाळतो. कातडीचा एक थर तयार होऊन झडायलाच महिनाभर लागतो, म्हणून दीड-दोन महिन्यांआधी आरशात शोधायला जाऊ नका. एकाच खिडकीशी, एकाच वेळेचा फोटो काढून ठेवा, आरसा भलतंच सांगतो.

हे आधी सांगायला हवं होतं: दिवसा बाहेर जाताना उघड्या कोपरांना सनस्क्रीन किंवा लांब बाही. लॅक्टिकसारखी अ‍ॅसिडं उन्हाला कातडी जास्त हळवी करतात, क्रीम थांबवल्यावरही आठवडाभर.

आणि टेबलावर घडी घातलेला नॅपकिन. माझं कोपर उजळण्यात क्रीमइतकाच वाटा त्याचा आहे, कारण डावं कोपर, जे मी कमी टेकवते, ते उजव्याच्या कितीतरी आधी सुधारलं. गुडघे अजून मागे आहेत, फरशी पुसताना खाली जुनी उशी घेते आता. दोन्ही पोटरीच्या रंगाचे कधी होणार नाहीत, सांध्यावरची घड्यांची कातडी मुळातच थोडी गडद असते. डॉक्टरबाईंनीही एवढंच कबूल केलं होतं, की खरखर जाईल आणि काळा तपकिरी होईल.

त्यांनी पहिल्यांदा तपासलं ते कोपर नव्हतंच, मान आणि काख होती. तिथेही कातडी मखमलीसारखी जाड आणि काळसर असेल तर प्रश्न घासण्याचा नसतो, इन्शुलिनचा असू शकतो. मग आधी साखर तपासायची. कोपरावर चंदेरी पापुद्रे सुटत असतील आणि कडा ठळक असतील तर तो सोरायसिस असू शकतो, आणि त्यावर वज्री फिरवली तर तो आणखी चिडतो. माझं यातलं काही नव्हतं, म्हणून चिठ्ठीवर ती दोनच नावं आली.

बाकी क्रीम चिकट असतं, पांढऱ्या चादरीवर डाग पडतात. रात्री लांब बाह्यांचा जुना कुर्ता घाला, आणि लावून झालं की हात धुवा, डोळ्यात गेलं तर झोंबतं.