४० केएचा ब्रेकर ३६ केएच्या फॉल्टला अपुरा कसा पडला

"फॉल्ट ३६ केए, ब्रेकर ४० केए, मग अडचण काय?" ब्रेकर बनवणाऱ्यांकडून हेच उत्तर पुन्हा पुन्हा येत राहिलं. ते आठवलं की अजूनही चीड येते.

बस १२ केव्हीची, ५० हर्ट्झची, जवळ जनरेटर नाही. फॉल्ट करंट कमी करायला ट्रान्सफॉर्मरसोबत सिरीज रिअॅक्टर घातला होता. त्याने करंट आटोक्यात आला, पण रिअॅक्टरमध्ये एक्स म्हणजे रिअॅक्टन्स भरपूर आणि आर म्हणजे रेझिस्टन्स अगदी थोडा, त्यामुळे बसवरचा एक्स/आर ३८ वर गेला. स्टडी, सिंगल लाइन डायग्राम, केबलचे तपशील हे सगळं सुरळीत पार पडलं. अडलं ते ब्रेकरच्या मंजुरीत.

इंडक्टन्समधून जाणारा करंट एका क्षणात उडी मारत नाही. व्होल्टेज शून्यावर असताना फॉल्ट झाला की एसी लाटेवर जवळजवळ तिच्या शिखराएवढा डीसी घटक चढतो आणि हळूहळू ओसरतो. तो किती लवकर ओसरेल हे एक्स/आरवर ठरतं. एक्स/आरला २πf ने, म्हणजे ५० हर्ट्झला ३१४ ने, भागलं की टाइम कॉन्स्टंट मिळतो. आमच्याकडे तो १२१ मिलिसेकंद निघाला. आयईसी ६२२७१-१०० मध्ये ब्रेकरसाठी नेहमीचा टाइम कॉन्स्टंट ४५ मिलिसेकंद धरला आहे, म्हणजे एक्स/आर साधारण १४.

गंमत अशी की शिखराच्या तपासणीत ब्रेकर पास होत होता. पहिलं शिखर सुमारे ९८ केए येत होतं आणि ४० केएच्या ब्रेकरची मेकिंग क्षमता त्याच्या अडीच पट, म्हणजे १०० केए. ही एक तपासणी पाहून बरेच लोक फाइल बंद करतात. पण ब्रेकरचं खरं काम कॉन्टॅक्ट सुटतात तेव्हा सुरू होतं, आणि त्या क्षणी किती डीसी उरला आहे हे कोणी विचारतच नाही.

त्यासाठी ब्रेकरचा किमान ओपनिंग टाइम लागतो. कॅटलॉगमध्ये होता कमाल ब्रेक टाइम, आर्क विझेपर्यंतचा. मी किमान मागितला, त्यांनी कमाल ओपनिंग टाइम पाठवला. हा फरक किरकोळ नाही: कॉन्टॅक्ट जितके लवकर सुटतील तितका डीसी जास्त शिल्लक असतो, म्हणून कमाल आकडा घातला तर उत्तर खोटं सोपं येतं. बऱ्याच पत्रांनंतर ४० मिलिसेकंद हा आकडा मिळाला. त्यात रिलेसाठी अर्धी सायकल, म्हणजे १० मिलिसेकंद, मिळवून ५० धरायचे.

आता हिशेब. ४५ च्या टाइम कॉन्स्टंटला ५० मिलिसेकंदांनी ३३ टक्के डीसी उरतो. १२१ ला ६६ टक्के. हे टक्के एसी शिखराचे आहेत. डीसी धरून आरएमएस काढला की ब्रेकरची क्षमता ४४.१ केए येते आणि आमचा फॉल्ट ४९.३ केए. आर्क विझण्याआधीची मोठी अर्धलाटही लांबते: १० ऐवजी सुमारे १४.६ मिलिसेकंद, जिथे ४५ च्या चाचणीत ती १२ च्या आसपास असते. आर्कला जास्त करंट आणि जास्त वेळ, दोन्ही मिळतात. म्हणून नुसता आरएमएस जुळवून समाधान मानू नये, ही शेवटची मोठी लाटही ताडून पाहावी.

मध्येच आठवलं म्हणून सांगतो: समांतर वाटा असलेल्या जाळ्यात ५० हर्ट्झच्या एकूण इम्पीडन्सवरून थेट एक्स/आर घेऊ नका. आयईसी ६०९०९ मधली २० हर्ट्झची पद्धत वापरा. सगळे रिअॅक्टन्स २० हर्ट्झला आणून जाळं सोडवायचं आणि मिळालेल्या एक्स/आरला अडीचने गुणायचं.

दुसरा मार्ग म्हणून रिलेला मुद्दाम उशीर द्यायचं गणितही मी केलं. आणखी ४० मिलिसेकंद थांबलं तर डीसी ४७-४८ टक्क्यांवर येतो आणि लाटेचं शिखर ब्रेकरच्या चाचणीइतकं होतं. तरी लाटेची लांबी जास्तच राहते, शिवाय फॉल्टच्या जागी तेवढा वेळ नुकसान चालूच असतं. मला तो मार्ग पटला नाही.

शेवटी त्यांच्या तांत्रिक विभागातल्या एका अभियंत्याने फोन उचलला, प्रश्न एका वाक्यात समजून घेतला आणि त्याच ब्रेकरचा १२० मिलिसेकंदांच्या टाइम कॉन्स्टंटवर, पूर्ण ४० केएला घेतलेला चाचणी अहवाल पाठवला. आमचा १२१ किंचित जास्त, पण करंट ३६ च, त्यामुळे सगळे आकडे आरामात आत बसले. सुटकेचा श्वास टाकला, आणि अहवाल इतके दिवस त्यांच्याकडेच पडून होता म्हणून रागही आला.

आता मागणीपत्रात केए लिहिलं की त्याच ओळीत बसवरचा एक्स/आर, टाइम कॉन्स्टंट आणि "किमान ओपनिंग टाइम व त्या वेळचा चाचणीत सिद्ध केलेला डीसी टक्का कळवावा" हे लिहितो. पत्र विक्री विभागासोबत तांत्रिक विभागालाही जातं.